सात नंबरच्या रॅकवरची रिकामी पेटी

संग्रहालयात मला कस्टमबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या इमारतीत पाठीमागे बोललेलं दहा मिनिटांत तोंडासमोर येतं. मला त्याचा राग नाही, उलट थोडा अभिमानच होता. वस्तुभांडाराच्या दारात मी कुणाचीही पिशवी तपासते. डबा आत नाही, चहा आत नाही, फुलं आत नाहीत, स्वेटर-शाल-मफलर तर नाहीतच. एकदा मंत्रालयातून आलेल्या एका बाईंना मी बाहेर बाकावर बसवून त्यांची लोकरी शाल हँगरवर टांगायला लावली होती. साहेबांनी नंतर मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, जरा समजून घेता आलं नसतं का? मी म्हटलं, किडा समजून घेत नाही साहेब.

माझं काम सांगायला सोपं आहे. तळघरात चार खोल्या आहेत. एकीत लाकूड, एकीत धातू, एकीत कापड आणि चौथीत नव्याने आलेल्या वस्तूंचा मुक्काम. बाहेरून आलेली वस्तू आधी या चौथ्या खोलीत जाते, प्लास्टिकमध्ये बंद होते आणि काही आठवडे तशीच राहते. तिच्याखाली पसरलेल्या पांढऱ्या कागदावर भुसा पडतो का, लेंड्या पडतात का, हे आम्ही बघतो. लोकर, पिसं, कातडं असलं तर वस्तू डीप फ्रीजरमध्ये जाते, उणे तीसला. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार वस्तूवर दव धरतं, आणि कापडावर बटण किंवा जरीकाम असलं तर त्याची वाट लागते. हे सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं, दोन सह्यांनी.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी डांबराच्या गोळ्या टाकायच्या, औषध फवारायचं आणि डोळे चोळत घरी जायचं. किडे मरायचे, पण पितळ काळं पडायचं, रंग उडायचे आणि माणसं खोकायची. आता औषध शेवटी, तेही क्वचितच. आता सगळा भर किड्याला आत न येऊ देण्यावर. दाराखाली ब्रश, रॅक जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून हातभर लांब, खोली गार आणि कोरडी, कोपऱ्याकोपऱ्यांत चिकट सापळे. सापळ्याला नंबर असतो, महिन्यातून एकदा त्यातलं मोजायचं. कापडाच्या खोलीत आणखी एक सापळा असतो, त्यात मादीच्या वासाची गोळी असते. कसरीचे नर त्या वासाला भुलून येतात आणि चिकटतात. लोकरीला कसर लागते म्हणतो ना आपण, तीच ही, तांदळाच्या दाण्याएवढी, सोनेरी, दिसायला अगदी गरीब.

एवढी सगळी तटबंदी मी स्वतः उभारली, आणि तिच्यातून चोरून माल आत नेला तोही मीच. हे आधीच सांगून टाकते. माझ्याविषयी चांगलं मत करून घ्यायची घाई कुणी करू नये.

आई गेली त्याला सव्वा वर्ष झालं. आम्ही दोघी बहिणी. धाकटीनं पंधरा दिवसांत आईचं कपाट रिकामं केलं, वाटायचं ते वाटलं, द्यायचं ते दिलं. मी भांडले, रडले आणि शेवटी एक शाल तेवढी ठेवून घेतली. गडद हिरवी, लोकरीची. आजारपणात आईच्या अंगावर कायम असायची. तिला आईचा वास होता. तेल, औषधाचा मलम आणि तिचा स्वतःचा, ज्याला नाव नाही. माझ्या घराच्या भिंतींना ओल आहे. कपाटात ठेवलेलं चामडं सहा महिन्यांत पांढरं होतं. शाल घरी ठेवणं म्हणजे ती बुरशीच्या स्वाधीन करणं. आणि जगात मला एकच खोली माहीत होती जिथे लोकर शंभर वर्षं सुखानं झोपते.

बरं, निदान फ्रीजरमध्ये घालून मग आत न्यायला हवी होती. पण फ्रीजरला रजिस्टर आहे आणि रजिस्टरला दुसरी सही. खासगी वस्तू भांडारात ठेवायची नाही, हा नियम मीच लिहिलेला. मी भिंग घेऊन शाल दोन्ही बाजूंनी तपासली, काही दिसलं नाही. कसरीचं अंडं टाचणीच्या टोकापेक्षा लहान असतं आणि लोकरीच्या धाग्यात ते भिंगालाही चुकतं, हे मी दर वर्षी नव्या लोकांना शिकवते. त्या दिवशी मी स्वतःला ते शिकवलं नाही.

एका बुधवारी मी शाल पिशवीच्या तळाशी ठेवून आत गेले. दारावर किल्लीवाले काका होते. काका तिथे एकतीस वर्षं बसतात. मधे निवृत्तही झाले, पण त्यांच्याशिवाय कुणाला कुठली किल्ली कुठली ते कळेना, म्हणून वर्षावर्षाची मुदतवाढ देऊन साहेबांनी त्यांना परत आणलं. काका सगळ्यांच्या पिशव्या बघतात, माझ्याच हुकमानं. माझी कधी बघत नाहीत. त्या दिवशीही हात जोडून म्हणाले, तुमची पिशवी काय बघायची बाई. सात नंबरच्या रॅकवर सगळ्यात वरती एक राखीव पेटी होती, तिच्यावर माझ्याच अक्षरात ‘रिकामी’ असं लिहिलेलं. मी शाल टिश्यूत गुंडाळून त्या पेटीत ठेवली.

त्यानंतर दर बुधवारी चारच्या सुमारास मी तिला भेटायला जात असे. बुधवारी दुपारी आमची डॉक्टर नसते. डॉक्टर म्हणजे वस्तूंची डॉक्टर, संवर्धक. त्या दिवशी ती कॉलेजात शिकवायला जाते. चारला काका चहाला जातात. किल्ली त्यांच्याकडे मागितली तर नोंद झाली असती, म्हणून मी माझ्या खणातली आणीबाणीची किल्ली वापरायची. पेटीचं झाकण उघडायचं, वरच्या घडीवर तोंड ठेवायचं, दहा मिनिटांनी बाहेर. घडी मी कधी मोडली नाही. मोडली तर वास उडून जाईल अशी भीती होती.

दहा महिने असे गेले. मग सापळ्यात तीन नर सापडले.

आमच्याकडे वर्षाला एखादा सापडतो, तोही कुणाच्या तरी कोटावरून आलेला. तीन म्हणजे डॉक्टरच्या भुवया वर गेल्या. पुढच्या महिन्यात नऊ. मग तिनं सात नंबरच्या रॅकवरच्या पेट्या एकेक करून उघडायला घेतल्या, खालून वर, आणि तिसऱ्या खणातच थांबली. तिथे बँडमास्तरचा कोट आहे. निळ्या लोकरीचा, पितळी बटणांचा, बाह्यांवर चांदीची फीत. कॉलरच्या आतल्या बाजूला दोन बोटं मावतील एवढं कुरतडलेलं होतं आणि घडीत तांदळाएवढी पांढरी अळी होती, जिवंत.

त्या कोटाच्या बटणांवर मी चार वर्षांपूर्वी तीन आठवडे काम केलं होतं. बटणांतून हिरवं निघून खालच्या लोकरीला लागू नये म्हणून प्रत्येकाखाली प्लास्टिकची गोल चकती कापून बसवली होती. एकूण बावीस बटणं. कॉलर बघून मी आधी बटणांखालच्या चकत्या चाचपल्या. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी वरच्या पेटीचा विचारही आला आणि मी तो झटकला. माझी शाल स्वच्छ होती. भिंगानं बघितली होती.

डॉक्टरनं त्याच दिवशी कोट आणि शेजारच्या आठ लोकरी वस्तू पिशव्यांत बंद केल्या. त्याच रॅकवर एक रंगवलेला लाकडी घोडा आहे, लोकरीचं खोगीर खिळ्यांनी ठोकलेला. रंगाचे पापुद्रे थंडीत तडकतात म्हणून त्याला फ्रीजरमध्ये घालता येत नाही. त्याला हवाबंद पिशवीत घालून आतला प्राणवायू शोषून घ्यायचा, महिनाभर, म्हणजे अळी गुदमरते. हे सगळं ती भराभर करत होती आणि मी तिला टेप कापून देत होते. उरलेल्या पेट्यांचं मी बघते, मी तिला म्हटलं. तिनं मान हलवली. माझ्यावर अविश्वास दाखवायचं तिला काही कारण नव्हतं.

मग शोध सुरू झाला की कसर आली कुठून. एकटी कसर मारून उपयोग नसतो, ती ज्या वाटेनं आली ती वाट बुजवावी लागते. डॉक्टर चिवट आहे. खोलीत ओल आणि तापमान नोंदवणारी एक डबी असते. तिचे आकडे सगळे बघतात, पण हद्द ओलांडली तरच. आकडे कधी हद्दीबाहेर गेले नव्हते. डॉक्टरनं यावेळी सबंध वर्षाचा आलेख छापून काढला आणि भिंतीवर लावला. आलेखात बारीक बारीक उंचवटे होते. दार उघडून माणूस आत उभा राहिला, श्वास घेतला, की येतो तेवढा. बहुतेक उंचवट्यांची नोंद किल्लीच्या रजिस्टरात होती. काहींची नव्हती. आणि नोंद नसलेले सगळे बुधवारचे, चार ते सव्वाचारच्या मधले.

साहेबांच्या केबिनमध्ये तो कागद टेबलावर पसरला होता. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या अकरा महिन्यांचा तो पाढा होता. साहेब म्हणाले, किल्ली तर काकांकडे असते. आणीबाणीच्या किल्लीची त्यांना आठवणही नव्हती. काकांना बोलावलं.

काका आले ते गळ्यात मफलर घालून. राखाडी, जुना, दोन ठिकाणी विरलेला. त्यांना वर्षभर घशाचा त्रास असतो. साहेबांनी विचारलं, बुधवारी चारला तुम्ही कुठे असता? काका म्हणाले, चहाला. रोजच. साहेबांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि समजावून सांगितलं की दार तर उघडलं आहे, चाळीस वेळा उघडलं आहे, आणि रजिस्टर कोरं आहे. काकांनी कागद जवळ ओढला आणि एकेका उंचवट्यावर बोट ठेवत गेले. मी तोंड उघडेन असं मला दर क्षणाला वाटत होतं. मी उघडलं नाही.

शेवटी काका म्हणाले, “मी गेलो असेन का साहेब आत? मला आठवत नाही.”

साहेब वाईट माणूस नाहीत. ते हळू आवाजात बोलले. उन्हाळ्यात माणूस थंडाव्याला जातो, बसतो, डोळा लागतो, वय झालं की होतं असं. मफलर तेवढा तपासायला द्या म्हणाले. काकांनी तो गळ्यातून काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. त्यांचा गळा असा उघडा मी पहिल्यांदाच बघितला, कोंबडीसारखा. बाहेर जाताना ते माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, माझ्यामुळे तुमच्या कोटाचं वाटोळं झालं बाई. मी म्हटलं, असू द्या काका. हे दोन शब्द मी बोलले. असू द्या. जणू मी त्यांना माफ करत होते.

महिनाअखेरीला काकांची मुदत संपत होती. साहेबांनी ठरवलं की यावेळी वाढवायची नाही. अहवाल डॉक्टर लिहील, सही भांडारपाल म्हणून माझी. मी घरी गेले, जेवले नाही, आणि धाकटीचा फोन आला. तिला शाल दोन दिवसांसाठी हवी होती, तिच्या मुलीला बघायची होती म्हणे आजीची शाल. मी म्हटलं, ती अशा जागी आहे जिथे राजेलोकांचे कपडे असतात. ती हसली. म्हणाली, तुझं काहीतरी एकेक असतं. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आईसाठी नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं मला खाली बोलावलं. काचेच्या बशीत तिनं खसखशीएवढे दाणे गोळा केले होते. तिसऱ्या खणातून, कोटाच्या पेटीच्या झाकणावरून.

“कसरीच्या अळीची लेंडी,” ती म्हणाली. “ती जी लोकर खाते तिचाच रंग लेंडीला येतो. हे बघा ताई.”

भिंगाखाली दाणे गडद हिरवे होते. थोडेच निळे होते, कोटाच्या रंगाचे. बाकी सगळे हिरवे.

“काकांचा मफलर राखाडी आहे,” डॉक्टर म्हणाली. “आणि त्याची भोकं जुनी आहेत, घासून पडलेली. अळीची नाहीत. सात नंबरवर हिरवं लोकरीचं काही आहे का आपल्याकडे?”

मी म्हटलं, “नाही.”

यादीप्रमाणे ते खरंच होतं. यादीत हिरवं काही नव्हतं. अशा उत्तराला काय म्हणतात ते मला माहीत आहे. ती तरीही बशीकडे बघत राहिली. म्हणाली, मग वरून पडलंय कुठूनतरी. साहेब म्हणतात प्रकरण संपलं, पण माझ्या मनाला पटत नाही. काकांना उगाच घालवतोय की काय आपण. मी म्हटलं, वरच्या पेट्या मी बघते. माझा आवाज अगदी नेहमीचा होता.

तो बुधवार होता. डॉक्टर कॉलेजला गेली. चारला मी खणातली किल्ली घेतली आणि आत गेले. पेटी खाली काढली, झाकण उघडलं. वरची घडी होती तशीच होती. मी तोंड टेकवलं नाही यावेळी. अकरा महिन्यांत पहिल्यांदा घडी उलगडली.

आत काही राहिलं नव्हतं. म्हणजे शाल होती, पण वरच्या एका पदराखाली सगळी चाळण झाली होती. टिश्यूत हिरव्या दाण्यांचा थर होता. लोकरीच्या हिरव्या तंतूंनी विणलेल्या बारीक रेशमी नळ्या होत्या, आणि त्यांतल्या दोन हलत होत्या. ज्या घडीवर मी दर बुधवारी गाल टेकवत होते, तिच्या बोटभर खाली हे चाललं होतं. मी हुंगून बघितलं. आईचा वास होता अजून, थोडासा. त्याबद्दल मला आनंद झाला, आणि लगेच स्वतःचा तिटकारा आला.

मग माझ्या डोक्यानं भराभर काम केलं. शाल जाड पारदर्शक पिशवीत घातली, पिशवी टेपनं बंद केली, ती आणखी एका पिशवीत घातली. पेटी पुसून काढली, दाणे झटकून घेतले. घरी जाऊन सगळं जाळून टाकायचं. सापळे हळूहळू रिकामे होतील, डॉक्टर थोडे दिवस शोधेल आणि दमेल. पुरावा माझ्या पिशवीच्या तळाशी होता, डब्याखाली. आत आला होता त्याच वाटेनं तो बाहेर चालला होता.

मी कुलूप लावून माझ्या जागेवर जाऊन पिशवी भरली, तोवर काका चहाहून परतले होते. टेबलाशी वाकून एका छोट्या वहीत काहीतरी लिहीत होते. रजिस्टर नव्हे, दुकानात मिळते तशी खिशातली वही. मी निघते म्हटलं, तर त्यांनी वही झाकली आणि मग लाजून पुन्हा उघडली.

“विसरायला नको म्हणून लिहितो,” ते म्हणाले. “चार वाजता उठलो, चार वीसला बसलो. दार बंद केलं, ओढून बघितलं. सगळं लिहितो आता.”

चांगलं करता, असं काहीतरी मी म्हटलं.

“घरी सांगितलं मी. सून काळजी करते. गॅसपाशी जाऊ देत नाही आता एकट्याला. घराची किल्ली पण काढून घेतली तिनं.” ते हसले. “तीस वर्षं माझ्या कमरेला दोनशे किल्ल्या, बाई, आणि घराची एक सांभाळता येत नाही. चाळीस बुधवार. एक नाही, दोन नाही. एकही आठवत नाही. डॉक्टरकडे नेणार आहेत मेंदूच्या.”

त्यांची नोकरी जाणार हे मला माहीत होतं आणि त्याबद्दल मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती: वय झालंय, घरी आराम करतील, मुलगा कमावता आहे. पण मी त्यांची नोकरी घेतली नव्हती फक्त. ज्या डोक्यानं एकतीस वर्षांत एक किल्ली चुकवली नाही ते धडधाकट डोकं मी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. आणि असू द्या म्हटलं होतं.

“काका, माझी पिशवी बघा,” मी म्हटलं.

“तुमची काय बघायची बाई.”

“बघा. तुमचं काम आहे.”

ते उठले. त्यांना वाटलं मी त्यांची परीक्षा घेते आहे. विसरतात का ते बघते आहे. छत्री काढली, डबा काढला, आणि मग ती टेप लावलेली पिशवी. दिव्याखाली धरली. आतलं हिरवं दिसलं, भोकं दिसली.

“हे काय आहे?”

“माझ्या आईची शाल. अकरा महिने वरच्या रिकाम्या पेटीत होती. मी आणली होती. दर बुधवारी चारला मी आत जात होते, तुम्ही चहाला गेलात की. ही किल्ली.” मी ती टेबलावर ठेवली. “तुम्ही काही विसरला नाहीत काका. एकही गोष्ट विसरला नाहीत.”

त्यांनी किल्ली उचलून तिचा नंबर बघितला आणि परत ठेवली. मला वाटलं ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातली वही उघडली, चष्मा लावला आणि हळूहळू लिहिलं. मग वही माझ्याकडे वळवली. लिहिलं होतं: चार पंचवीस, बाईंची पिशवी तपासली. त्याखाली त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, सही करा. मी केली.

पुढचं सगळं जसं व्हायला हवं होतं तसंच झालं. मी त्याच संध्याकाळी साहेबांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरला. साहेबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. डॉक्टरनं शाल ताब्यात घेतली, तिच्यावर चिठ्ठी लावली, उणे तीसला टाकली आणि रजिस्टरमध्ये नोंद केली: हिरवी लोकरी शाल, खासगी, प्रादुर्भावाचं मूळ. दुसरी सही माझी होती. माझ्याकडून किल्ल्या काढून घेतल्या. मी अजून तिथेच काम करते, पण आत जायचं तर डॉक्टर बरोबर लागते आणि काका माझी पिशवी बघतात. अहवालात माझं नाव आहे. काकांची मुदत वाढली. मफलर त्यांना परत मिळाला, पण ते आता तो बाहेर खुंटीवर ठेवतात.

शाल दोन आठवड्यांनी बाहेर निघाली. एक दिवस बंद पिशवीत राहू दिली, नियमाप्रमाणे. मग मी ती धाकटीकडे नेली आणि तिला सगळं सांगितलं. तिनं ती चाळण उलगडून मुलीला दाखवली आणि मला म्हणाली, माझ्याकडे दिली असतीस तर निदान वापरली असती कुणीतरी. शाल तिच्याकडेच आहे.

काकांच्या घरीही मी गेले. ते नको नको म्हणत होते तरी गेले. सुनेला समोर बसवून सांगितलं की त्यांची काही चूक नव्हती, विसरण्याचा प्रश्नच नव्हता, मी खोटी वागले. ती शहाणी मुलगी आहे. तिनं मला पाणी दिलं आणि लगेच घराची किल्ली आणून सासऱ्यांच्या हातात दिली. मला वाटलं, चला, एवढं तरी जागेवर बसलं. काका मला फाटकापर्यंत सोडायला आले. किल्ली मुठीत होती त्यांच्या.

“तुम्ही आलात ते बरं केलंत,” ते म्हणाले. “पण परवा मी खरंच गॅस चालू ठेवला होता बाई. सुनेनं बंद केला. म्हणजे आता माझं मलाच कळत नाही.”

कुणाचाही राहतो काका, मी म्हटलं. माझाही राहतो. ते हो म्हणाले, पण माझ्याकडे बघून नाही.

रोज साडेपाचला काका कापडाच्या खोलीला कुलूप लावतात. एकतीस वर्षं लावत आले, आणि पाठ फिरवली की कधी मागे वळून बघत नव्हते. आता कुलूप लावतात, ओढतात, वहीत लिहितात, जिन्यापर्यंत जातात आणि परत येऊन पुन्हा ओढतात. कधी दोनदा, कधी तीनदा. माझी घरी जायची वेळ पाचची आहे. मी साडेपाचपर्यंत थांबते, जिन्याच्या पायथ्याशी. ते तिसऱ्यांदा वळले की मी म्हणते, लागलंय काका, मी बघितलंय.

ते मान हलवतात, आणि तरीही जाऊन ओढून बघतात.